पंधरा वर्षांचा कागद आणि त्यावर लादलेले ओझे

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने असा निकाल दिला की, वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जागा केवळ राज्यातील वास्तव्याच्या आधारे राखून ठेवता येणार नाहीत, कारण तसे करणे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेच्या हमीशी विसंगत आहे. प्रकरण चंदीगडच्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे होते. पण त्यावरची चर्चा आपल्याकडेही झाली आणि ती ठरलेल्या दोन खंदकांतूनच झाली. एका बाजूला ‘डोमिसाइल संपले, आता परप्रांतीय आपल्या जागा घेणार’ अशी हाकाटी होती, तर दुसऱ्या बाजूला ‘देश एक, नागरिकत्व एक, मग राज्याचा दाखला कशाला?’ असा ठसक्यातला सवाल होता. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे अधिवास प्रमाणपत्र हा एकच कागद असून त्याचा अर्थ सर्वत्र एकच आहे, आणि म्हणून तो एकतर सगळीकडे असला पाहिजे किंवा कुठेच नसला पाहिजे.

हे गृहीतकच चुकीचे आहे. अधिवास प्रमाणपत्र एकाच वस्तुस्थितीचा पुरावा असते: अमुक व्यक्ती या राज्यात दीर्घकाळ राहत आली आहे. ती मराठी आहे, ती अमुक जातीची आहे, तिचे पूर्वज इथले होते किंवा राज्याच्या तिजोरीवर तिचा इतरांपेक्षा जास्त अधिकार आहे, यांपैकी काहीही तो कागद सांगत नाही. त्यामुळे जिथे दीर्घ वास्तव्याचा आणि त्या विशिष्ट लाभाचा खरा संबंध दाखवता येतो, तिथे तो मागणे योग्य आहे. जिथे तसा संबंध नाही, तिथे तो मागणे अन्याय्य आहे आणि बहुधा घटनाबाह्यही. माझ्या मते पदवीपूर्व प्रवेशांत हा संबंध दाखवता येतो. सरकारी नोकरीत प्रवेशाचीच अट म्हणून तो दाखवता येत नाही. तिथे ज्या गोष्टीची खरी गरज आहे, ती वेगळ्या मार्गाने तपासता येते आणि आपण ती तपासतोही.

आधी कागद काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असे आहे. जन्मतारीख, भारतीय नागरिकत्व आणि राज्यातील वास्तव्य अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या असल्याने अनेकांना तो जणू नागरिकत्वाचा दाखला वाटतो. वास्तव्याच्या भागासाठी सर्वसाधारण अट राज्यात किमान १५ वर्षे राहिल्याची असते. त्यासाठी तलाठ्याचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, लाइटबिल, घरपट्टीची पावती, भाडेकरार, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला अशी कागदपत्रे सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून जोडावी लागतात. दाखला एकदा मिळाला की त्याला मुदत नसते, आणि इथेच पहिली विसंगती दिसते: वास्तव्य ही बदलणारी वस्तुस्थिती आहे, पण तिचा पुरावा मात्र कायमचा.

जातीच्या दाखल्याशी याची गल्लत केल्याने तर वादातला निम्मा गोंधळ निर्माण होतो. जातीचा दाखला मिळवताना महाराष्ट्रात ठरावीक दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, असे हे मानीव दिनांक आहेत. त्या दिवशी तुमचे वडील, आजोबा किंवा पणजोबा महाराष्ट्रात राहत होते का, हा तिथला प्रश्न असतो. तुम्ही स्वतः किती वर्षे राहिलात याला तिथे महत्त्व नाही. म्हणजे एक दाखला वंशाकडे पाहतो, दुसरा वास्तव्याकडे. आपल्या जुन्या गावगाड्यातही हे दोन हिशेब वेगळे होते. मिरासदार वर्षानुवर्षे गावाबाहेर राहिला तरी परत येऊन आपल्या जमिनीवर हक्क सांगू शकत असे, आणि उपरी कुळ कितीही वर्षे त्याच गावात नांगर धरत असले तरी ते उपरीच मानले जाई. अधिवास प्रमाणपत्र ही संकल्पना त्या मिरासी विचाराच्या नेमकी उलट आहे, कारण ती उपऱ्याला १५ वर्षांनी आत घेते. जे लोक या कागदाला ‘भूमिपुत्राचा दाखला’ म्हणून मिरवतात, त्यांनी हे एकदा नीट लक्षात घ्यावे.

दोन काल्पनिक, पण आपल्या आसपास सहज सापडतील अशी उदाहरणे घेऊ. जळगाव जिल्ह्यातून २० वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला गेलेले एक खानदेशी कुटुंब समजा. मुलगी सुरतेत जन्मली, दहावी तिथेच झाली आणि अकरावी-बारावीसाठी आजीकडे जळगावला आली. घरात अहिराणी आणि मराठी बोलली जाते, शेतीचा तुकडा अजून गावी आहे, मतदार यादीत आजीचे नाव आहे. दुसरीकडे भिवंडीतील एक कुटुंब समजा: पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले, यंत्रमागावर काम करणारे. मुलगा भिवंडीतच जन्मला आणि दहावी-बारावीही तिथेच झाली.

वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी आपला मूळ नियम असा आहे की, उमेदवार महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण झालेला असावा. बदलीवर फिरणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी त्याला अपवाद आहेत. या नियमानुसार भिवंडीचा मुलगा पात्र ठरतो, सुरतेची मुलगी ठरत नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात उमेदवारीचे प्रकार वेगळे आहेत. ‘अ’ प्रकारात दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि त्याबरोबर अधिवास किंवा महाराष्ट्रातील जन्म लागतो. ‘ब’ प्रकारात उमेदवार स्वतः किंवा त्याचे आई-वडील यांपैकी कोणी अधिवासी असले तरी चालते. आता मुलीच्या वडिलांनी सुरतेला जाण्यापूर्वी, तरुणपणी कधीतरी अधिवासाचा दाखला काढून ठेवला असेल, तर तोच कागद आज तिच्या कामी येण्याची शक्यता आहे, कारण त्याला मुदत नाही. काढून ठेवला नसेल, तर आज नव्याने अर्ज करताना गेली २० वर्षे ते गुजरातेत राहत आहेत हेच सत्य त्यांच्या आड येते. एकाच कुटुंबाची, एकाच वस्तुस्थितीची दोन उत्तरे निघतात आणि फरक इतकाच की एका बापाला २० वर्षांपूर्वी तहसील कार्यालयात जाण्याचे सुचले होते.

भिवंडीच्या मुलाचा विजयही अर्धाच आहे. त्याची जात दोन्ही राज्यांच्या मागासवर्गीय यादीत असली, तरी १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील पुरावा नसल्यास त्याला इथे इतर मागासवर्गाची सवलत मिळणार नाही. तो खुल्या प्रवर्गातून स्पर्धा करील. तेव्हा ‘डोमिसाइल काढून परप्रांतीय आपले आरक्षण खातात’ हा आरोप करणारे दोन वेगळे कागद एकमेकांत मिसळत असतात. अधिवासाचा दाखला त्याला राज्य कोट्याच्या दारात उभा करतो, आरक्षणाच्या दारात नाही.

आता मूळ प्रश्न असा की, मुळात राज्याने प्रवेशासाठी वास्तव्य का पाहावे? संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये भेदभावास मनाई असलेल्या कारणांत ‘जन्मस्थान’ आहे, ‘वास्तव्य’ नाही. या फरकावरच १९५५ मध्ये डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्याचा निकाल लागला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क नव्हते, बाहेरच्यांना होते. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. न्यायालयाने बहुमताने नियम वैध ठरवला. राज्य महाविद्यालयावर खर्च करते आणि तिथे शिकलेला स्थानिक विद्यार्थी पुढे त्याच राज्यात काम करण्याचा संभव अधिक असतो, हा त्यामागचा विचार होता. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने या विचाराला मर्यादा घातली. भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचा वेगळा अधिवास ही कल्पनाच कायद्याला मान्य नाही, तेव्हा प्रवेशाच्या नियमांत राज्यांनी हा शब्द चुकीच्या अर्थाने वापरणे थांबवावे, असे त्यांनी बजावले. तरीही एमबीबीएससारख्या पहिल्या पदवीसाठी वास्तव्यावर आधारित काही प्राधान्य त्यांनी मान्य केले आणि पदव्युत्तर पातळीवर मात्र ते नाकारले. २०२५ चा निकाल याच रेषेवर उभा आहे, तो काही आकाशातून पडलेला नाही. त्याने पदवीपूर्व राज्य कोट्याला हात लावलेला नाही. पदव्युत्तर पातळीवर ज्या विद्यार्थ्यांनी त्याच महाविद्यालयातून पदवी घेतली त्यांना काही प्रमाणात मिळणारे संस्थात्मक प्राधान्यही त्याने उठवलेले नाही. मग ‘डोमिसाइल संपले’ ही आरोळी कशाच्या आधारावर?

पदवीपूर्व राज्य कोट्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप मात्र मी मान्य करतो. ‘इथे शिकेल तो इथेच राहील’ हे गृहीतक आज फार कमकुवत झाले आहे. महाराष्ट्राच्या पैशांवर शिकलेला डॉक्टर परदेशी जातो, अभियंता बंगळुरूला जातो, आणि पालघर, गडचिरोली, नंदुरबार इथल्या ग्रामीण रुग्णालयांतली पदे रिकामी राहतात. डॉक्टर राज्यात थांबावा हा हेतू असेल तर त्यासाठी अधिवासापेक्षा नेमके साधन आपल्याकडे आहेच: शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस करणाऱ्याला एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र द्यावे लागते आणि ते मोडल्यास दहा लाखांचा दंड आहे. जन्मापासून कोल्हापुरात राहिलेला मुलगा आणि काल पाटण्याहून आलेला मुलगा या दोघांनाही ते सारखेच बांधते. मग वास्तव्याची अट कशाला?

माझे उत्तर ‘राज्यात राहील’ या तर्कावर उभे नाही. पहिल्या पदवीचा प्रवेश हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा प्रवेश असतो, आणि त्या वयात स्पर्धेची तयारी त्या राज्याच्या शाळांनी केलेली असते. शाळा कशा चालवायच्या, शिक्षक किती नेमायचे, बोर्डाचा अभ्यासक्रम काय असावा, हे सर्व राज्य शासन ठरवते. ज्या मुलांच्या शाळा राज्याने चांगल्या किंवा वाईट चालवल्या, त्यांच्याविषयी राज्याचे एक उत्तरदायित्व असते. पुढच्या पायरीवर त्यांच्यासाठी जागा ठेवणे हा त्याच उत्तरदायित्वाचा पुढचा भाग आहे. किनवट तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला देशभरच्या कोचिंग-नगरांतल्या मुलांसमोर एकाच रांगेत उभे करणे समान दिसेल, पण त्या शाळेची जबाबदारी राजस्थान किंवा तेलंगणा शासनाची नव्हती, महाराष्ट्र शासनाची होती. पदव्युत्तर पातळीवर हाच तर्क गळून पडतो, कारण तिथे उमेदवार डॉक्टर झालेला असतो आणि ज्या रुग्णावर तो शस्त्रक्रिया करणार त्याला त्याच्या दहावीच्या शाळेशी काही घेणे नसते.

हा तर्क मान्य केला तर एक परिणाम मात्र स्वीकारावा लागतो. प्रवेशासाठी खरी महत्त्वाची गोष्ट राज्यातले शिक्षण आहे, राज्यातले घर नव्हे. अभियांत्रिकीचा ‘अ’ प्रकार आणि वैद्यकीयची दहावी-बारावीची अट ही दोन्ही याच दिशेने जातात. मग त्यांच्या जोडीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा वेगळा दाखला कशासाठी? जो मुलगा आठवीत वडिलांबरोबर नाशिकला आला, दहावी-बारावी तिथल्याच शाळेतून झाला, पण ज्याचा जन्म बाहेरचा आहे आणि वास्तव्य पाचच वर्षांचे आहे, त्याची तयारीही महाराष्ट्राच्याच शाळेने केलेली आहे. जम्मू-काश्मीरने २०२० मध्ये केलेल्या नियमांत १५ वर्षांच्या वास्तव्याला पर्याय म्हणून सात वर्षांचे शिक्षण आणि दहावी किंवा बारावीची परीक्षा तिथून दिलेली असणे, हे मान्य केले आहे. त्या नियमांमागचे राजकारण वेगळे आणि वादग्रस्त आहे, पण शिक्षणाला वास्तव्याच्या बरोबरीने पुरावा मानण्याची त्यातली युक्ती आपण घेण्यासारखी आहे.

सीमाभागाच्या बाबतीत तर आपण वास्तव्याची भौगोलिक अट स्वतःच सोडलेली आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात वेगळा प्रकार आहे आणि राज्याच्या नोकरभरतीतही तिथल्या उमेदवारांना अर्ज करता येतो. बेळगावचा विद्यार्थी महाराष्ट्रात एकही दिवस राहिलेला नसतो. त्याला सवलत देणे मला योग्यच वाटते. पण ती देताना आपण भाषा आणि ऐतिहासिक नाते पाहतो, तर भिवंडीच्या मुलासाठी फक्त वास्तव्य पाहतो, आणि सुरतेच्या मुलीसाठी यांपैकी काहीच पाहत नाही. धोरण असे तीन दिशांना तोंड करून उभे असताना त्याचे समर्थन ‘भूमिपुत्र’ या एका शब्दाने कसे होणार?

नोकरीच्या बाबतीत संविधानाची भाषा बदलते आणि हा बदल वादात क्वचितच कोणी लक्षात घेतो. अनुच्छेद १६(२) मध्ये सरकारी नोकरीत ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, त्यांत जन्मस्थानाबरोबर ‘वास्तव्य’ हेही स्पष्टपणे लिहिलेले आहे. म्हणजे प्रवेशात जे चालते, ते नोकरीत मुळातच चालत नाही. अनुच्छेद १६(३) अपवादाची मुभा देतो, पण ती संसदेला. विधिमंडळाला नाही, आणि एखाद्या विभागाच्या शासन निर्णयाला तर नाहीच नाही.

या रचनेविरुद्धचा सर्वांत समर्थ युक्तिवाद खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की, नागरिकत्व एक असले तरी ज्यांचे एखाद्या प्रांतात मूळ नाही आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही, अशा उडत्या पक्ष्यांनी तिथे येऊन पदांवरची फळे घेऊन निघून जावे हे चालू देता येणार नाही. म्हणून नोकरीसाठी काही काळ वास्तव्याची अट असणे समंजस आहे, असे त्यांचे मत होते. ‘देश एक, नागरिकत्व एक’ एवढे म्हणून हा प्रश्न मिटवणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. पण त्याच चर्चेतून निष्पन्न झालेली व्यवस्थाही पाहावी लागते: ती अट किती असावी हे प्रत्येक प्रांताने आपापल्या मनाने ठरवू नये, देशभर त्याचा एक नियम असावा म्हणून तो अधिकार संसदेकडे ठेवला गेला. आंबेडकरांचे अर्धे मत उचलायचे आणि त्यावर त्यांनी स्वीकारलेला लगाम टाकून द्यायचा, हे चालणार नाही.

संसदेने तो अधिकार वापरला फक्त एकदा, १९५७ च्या कायद्याने, आणि त्याच्या मागे एक मराठी माणसालाही जवळची असलेली कथा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपला मराठवाडाही ज्यात होता त्या राज्यात, नोकरी मिळण्यासाठी ‘मुलकी’ असणे आवश्यक होते. १९१९ च्या फर्मानानुसार जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला, किंवा १५ वर्षे कायम राहून मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दिलेला माणूस मुलकी ठरत असे. १५ वर्षे, कायमचे वास्तव्य, प्रतिज्ञापत्र: आजच्या दाखल्याशी हे किती जुळते! पोलीस कारवाईनंतर बाहेरचे अधिकारी मोठ्या संख्येने आले, आणि १९५२ साली हैदराबाद शहरात विद्यार्थ्यांचे मुलकी आंदोलन पेटले. त्यांची एक प्रमुख तक्रार अशी होती की, बाहेरच्यांना बनावट मुलकी प्रमाणपत्रे सर्रास मिळत आहेत. नियम होता, पण कागद मिळवणे सोपे होते. आणि ज्याला कागद मिळवता येतो त्याच्यासाठी नियम नसल्यातच जमा असतो. पुढे १९५७ च्या कायद्याने राज्यांच्या वास्तव्याच्या अटी मोडीत काढून तेलंगण, हिमाचल प्रदेश, मणिपूर आणि त्रिपुरा एवढ्यांपुरताच काही कनिष्ठ पदांसाठी तात्पुरता अपवाद ठेवला. तेलंगणाचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केला, कारण संसद अख्ख्या राज्यातील वास्तव्याची अट घालू शकते, राज्याच्या एका भागातील नाही. १९७४ मध्ये उरलेले अपवादही संपले, आणि आंध्रसाठी त्याच सुमारास घटनादुरुस्ती करून अनुच्छेद ३७१ड आणावा लागला. एका राज्याला हे करण्यासाठी घटनादुरुस्ती लागली असेल, तर दुसऱ्या राज्याला जाहिरातीतील एका ओळीने ते कसे करता येईल?

आपल्याकडच्या भरत्यांत दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आरक्षणाची सवलत फक्त राज्यातील रहिवाशांना देणे हे समजण्यासारखे आहे, कारण मागासलेपण राज्याच्या यादीनुसार ठरते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत ही सवलत ‘महाराष्ट्राचे सर्वसाधारण रहिवासी’ असलेल्यांना असते, आणि या संज्ञेचा अर्थ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० प्रमाणे घ्यायचा असतो. ते कलम वाचण्यासारखे आहे. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी असणे संपतही नाही, असे ते सांगते. बीडचे ऊसतोड कुटुंब सहा महिने कर्नाटकात असते, तरी ते बीडचेच राहते. वर्षांची मोजदाद त्यात कुठेच नाही. म्हणजे राज्याच्याच एका यंत्रणेकडे वास्तव्याची अधिक शहाणी कसोटी आहे, आणि तरीही कागदपत्र तपासणीच्या टेबलावर मात्र १५ वर्षांचा दाखलाच पुढे येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खुल्या प्रवर्गासह सर्वांनाच अर्जासाठी अधिवासाची अट घालणे. इथे समर्थकांचे म्हणणे असे असते की, तलाठ्याला, हवालदाराला, आरोग्यसेविकेला स्थानिक भाषा आली पाहिजे, लोकांचे जगणे कळले पाहिजे. हे शंभर टक्के खरे आहे. पण मग भाषा तपासा! राज्याच्या बहुतेक भरती परीक्षांत मराठीचा भाग असतोच, सेवेत आल्यावरही एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा आहेच. १५ वर्षे मुंबईत राहूनही ज्याला मराठीत अर्ज वाचता येत नाही असा अधिवासी आणि सीमेपलीकडे राहून उत्तम मराठी लिहिणारा उमेदवार, यांच्यात पदासाठी योग्य कोण, हे अधिवासाचा दाखला सांगू शकत नाही. मराठीचा पेपर सांगू शकतो. गोव्यात नोकरीच्या जाहिरातींत १५ वर्षांच्या वास्तव्याबरोबर कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानले जाते. त्यातला भाषेचा भागच कामाशी थेट जोडलेला आहे. २००२ साली राजस्थानच्या शिक्षक भरतीत जिल्ह्यातील व ग्रामीण रहिवाशांना जादा गुण देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तोही याच कारणाने: स्थानिक माणूस अधिक चांगला शिकवील हे गृहीत धरून चालत नाही. ज्यांना मराठीची काळजी आहे, त्यांनी मराठीच्या पेपरचा दर्जा आणि वजन वाढवण्याची मागणी करावी. ती न्यायालयात टिकेल आणि कामालाही येईल.

शेवटचा मुद्दा पुराव्याचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो, कारण तत्त्वाच्या वादात त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. सतरा वर्षांच्या मुलाने १५ वर्षांचे वास्तव्य कसे सिद्ध करायचे? शाळेची नोंद सहाव्या वर्षी सुरू होते. पहिलीपासून बारावीपर्यंतचे सर्व बोनाफाईड जोडले तरी अकरा-बारा वर्षेच भरतात. उरलेली वर्षे जन्मदाखला किंवा आई-वडिलांचे कागदच भरून काढू शकतात. म्हणजे मुलाच्या नावाचा हा दाखला प्रत्यक्षात पालकांच्या कागदपत्रांचा दाखला असतो. घरपट्टी आणि लाइटबिल ज्यांच्या नावावर आहे त्यांना तो सुखाने मिळतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे लाइटबिल मालकाच्या नावावर असते, अकरा महिन्यांचा करार मालक नोंदवत नाही, दोन-तीन वर्षांनी खोली बदलली की रेशनकार्डावरचा पत्ता जुनाच राहतो. आणि मग अर्ज ‘त्रुटी’ दाखवून परत येतो. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत दाखला देण्याचे बंधन लोकसेवा हक्क कायद्याखाली आहे, पण त्रुटी काढली की घड्याळ पुन्हा सुरू होते आणि प्रवेशफेरी कोणासाठी थांबत नाही. लग्न होऊन आलेल्या स्त्रीची अडचण आणखी वेगळी: शाळेचे कागद माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे, आणि माहेर जर इंदूर किंवा बिदरचे असेल तर तिला नवऱ्याच्या वास्तव्यावर विसंबावे लागते. महिला आरक्षणासाठी अर्ज करणाऱ्या बाईची पात्रता तिच्या नवऱ्याच्या घरपट्टीवर अवलंबून राहावी, हे १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात बायकोने नवऱ्याचा अधिवास घ्यावा असे लिहिले होते त्या काळाला शोभणारे आहे.

याच्या उलट, ज्यांच्याकडे कागद भरपूर आहेत त्यांच्यासाठी व्यवस्था फारच सैल आहे. दोन राज्यांत घर असलेल्या कुटुंबाला दोन्हीकडे दाखले मिळवणे अवघड नाही, कारण एका राज्याची तहसील दुसऱ्या राज्याची नोंद पाहत नाही. आणि नीट विचार केला तर, कुटुंब दोन्हीकडे खरोखरच राहिलेले असेल, तर त्यात नेहमीच खोटेपणा असतो असेही नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, एकाच मुलाला दोन राज्य कोटे खुले होतात आणि भाड्याच्या खोलीतल्या मुलाला एकही नाही.

म्हणून पदवीपूर्व प्रवेशासाठी दहावी-बारावी आणि त्याआधीची काही सलग वर्षे राज्यातल्या शाळेत झाल्याचा पुरावा, म्हणजे शाळांच्या ‘सरल’ प्रणालीत आणि केंद्राच्या यूडायस नोंदींत आधीच असलेली माहिती, पुरेशी मानावी आणि वेगळा अधिवास दाखला मागू नये. दाखला फक्त त्यांच्याकडून मागावा जे शिक्षणाऐवजी वास्तव्याच्या आधारावर अर्ज करतात, जसे अभियांत्रिकीचा ‘ब’ प्रकार. आणि तिथे अर्जाच्या वेळचे वास्तव्य पाहावे, तीस वर्षांपूर्वी काढून ठेवलेला कागद नव्हे. सुरतेच्या मुलीला यातून ८५ टक्के कोटा मिळणार नाही, कारण तिची दहावी खरोखरच गुजरातेत झाली आहे. ते कटू असले तरी सुसंगत आहे. नोकरीत आरक्षणाच्या सवलतीसाठी कलम २० ची ‘सर्वसाधारण रहिवासी’ ही कसोटीच प्रत्यक्ष तपासणीतही वापरावी, आणि ज्या जाहिरातींत खुल्या प्रवर्गालाही अधिवासाची सरसकट अट आहे, तिथे सामान्य प्रशासन विभागाने एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे: संसदेच्या कोणत्या कायद्याखाली ही अट घातली आहे?